वॉरंटी संपली, आता इंजिनात जाड ऑइल घालायचे की पातळ?



या महिन्यात खेड तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न घेत आहोत, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न बऱ्याच घरांत निघतो. त्यांच्याकडे २०१८ सालची लहान पेट्रोल मोटार आहे, इंजिन बारा-साडेबाराशे सीसीचे. वॉरंटी केव्हाच संपली आणि आता गाडीने १ लाख १२ हजार किलोमीटर पूर्ण केले आहेत. अम्मींना दर महिन्याला कुंभार्ली घाट चढून कराडच्या दवाखान्यात न्यावे लागते. गाडीत पाच माणसे, वर सामान, त्यामुळे गाडी वाटेत बंद पडून चालणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिले आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी ते आता गावातल्या गॅरेजला जातात. तिथले उस्ताद म्हणाले, "भाई, गाडीने लाख पार केला. ते पाण्यासारखे ऑइल आता पुरे. पंधरा-चाळीस टाकू या, इंजिन गप्प होईल." मुंबईत शिकणारा पुतण्या मात्र म्हणतो, "चाचा, नव्या गाड्यांत तर ०डब्ल्यू-१६ येते, तेच घाला, ॲव्हरेज वाढेल." कोणाचे ऐकावे, असा त्यांचा सवाल आहे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. पुतण्याचे ऐकू नये. उस्तादांचे अर्धे ऐकावे, पण आधी इंजिन खरोखर किती ऑइल खाते ते मोजावे. असे का, हे कळण्यासाठी डब्यावरचा आकडा काय सांगतो आणि कंपनीने तो आकडा कशापासून बचाव करण्यासाठी निवडला आहे, हे पाहावे लागेल.

डब्यावरचे दोन आकडे

०डब्ल्यू-२० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात किती घट्ट होते ते सांगतो. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी शून्याखाली ३५ अंशांवर होते आणि तिथेही इंजिन फिरवता येईल इतके ते पातळ राहावे लागते. १५डब्ल्यूची तशीच चाचणी शून्याखाली २० अंशांवर होते. आपल्या कोकणात पहाटे एवढा गारठा कधीच पडत नाही, म्हणून पहिल्याच नजरेत वाटते की हा आकडा आपल्या कामाचा नाही. ते पूर्ण खरे नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत वीस अंशांवरही १५डब्ल्यू-४० हे ०डब्ल्यू-२० पेक्षा साधारण अडीच-तीन पट घट्ट असते. म्हणजे सकाळच्या पहिल्या स्टार्टला, ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचण्याच्या त्या क्षणांत, फरक पडतोच. फक्त तो रशियातल्या हिवाळ्याइतका मोठा नसतो.

दुसरा आकडा, म्हणजे २०, ३० किंवा ४०, हा गरम इंजिनातला जाडपणा सांगतो. तो १०० अंशांवर मोजतात. पण इंजिनाच्या जिवाशी खरा संबंध असलेले माप दुसरेच आहे. क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसापेक्षाही बारीक थर असतो. शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे फिरतो तेव्हा तो थर चिरडला जातो, घासला जातो, आणि तिथले तापमान खालच्या टाकीतल्या ऑइलपेक्षा बरेच जास्त असते. म्हणून ऑइलला १५० अंशांवर जोरात घासून पाहतात आणि तेव्हाही ते किती जाड राहिले ते मोजतात. २० च्या ऑइलला या चाचणीत किमान २.६ गुण लागतात, ३० ला २.९, आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. हा आकडा जितका मोठा, तितका बेअरिंगमधला थर ओझ्याखाली टिकून राहतो. थर तुटला की लोखंड बेअरिंगच्या मऊ धातूला लागते आणि तिथूनच इंजिन बसायला सुरुवात होते.

कंपनीचा ग्रेड कशापासून वाचवतो

आता कोणीही विचारेल की जाड ऑइल बेअरिंगला जास्त वाचवते, तर कंपनीने पातळ का सांगितले? कारण कंपनीला एकाच आकड्यात तीन-चार गोष्टी सांभाळायच्या असतात.

पहिली गोष्ट बेअरिंगची, ती वर आलीच. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, शाफ्टची पॉलिश आणि ऑइल पंपाची ताकद हे सारे २.६ चा थर पुरेल असे ठरवलेले असते. म्हणजे 'पातळ ऑइल म्हणजे बिनसंरक्षणाचे इंजिन' ही समजूत चुकीची आहे. ज्या इंजिनासाठी ते सांगितले आहे त्याला ते पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑइलचे आणखी एक काम. जुन्या काळी ऑइल फक्त वंगण होते. आताच्या इंजिनात ते हातापायाचेही काम करते. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे ही वेळ गाडी चालू असतानाच मागेपुढे केली जाते, आणि कॅमशाफ्ट वळवण्याचा तो जोर ऑइलच्या दाबातूनच येतो. एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह बारीक छिद्रांतून ऑइल इकडे-तिकडे सोडतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही अनेक इंजिनांत ऑइलवरच चालतो. ही छिद्रे आणि संगणकाचा हिशेब ठरावीक जाडीच्या ऑइलसाठी असतात. फार जाड ऑइल घातले की सकाळी थंड इंजिनात कॅम उशिरा वळतो, चेन दोन-चार सेकंद खडखडते, आणि कधी कधी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर P0011 असा कोड दिसू शकतो. कॅमचा कोन संगणकाने सांगितला तिथे नाही, असा त्याचा अर्थ. गॅरेजवाला मग सेन्सर आणि तो छोटा व्हॉल्व्ह बदलून पाहतो, हजारो रुपये जातात, आणि दोष ऑइलचा असतो.

तिसरी गोष्ट इंधनाची आहे, आणि इथे कंपनीचा स्वार्थही आहे हे लपवून उपयोग नाही. जाड ऑइल ढवळण्यात इंजिनाची ताकद खर्च होते. ५डब्ल्यू-३० वरून ०डब्ल्यू-२० वर आले की पेट्रोल एक-दोन टक्के वाचते. गाडीमालकाला हे किरकोळ वाटेल, पण सरकारी नियम कंपनीच्या सर्व गाड्यांची सरासरी काढतात, तिथे एक टक्काही मोठा असतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशा सरासरीची सक्ती आली. आपल्या देशात तशा मर्यादा २०१७ पासून लागू झाल्या आणि २०२२ पासून आणखी कडक झाल्या. बाजारात पातळ ऑइलची चलती होण्यामागे हे मोठे कारण आहे.

म्हणूनच देश बदलला की सल्लाही बदलतो. आपल्या घराघरांतून माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यांनी हे पाहिले असेल. तिथे विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत एकाच ग्रेडऐवजी तापमानाचा तक्ता असतो, आणि उन्हाळी हवामानासाठी त्याच इंजिनाला ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असे पर्याय दिलेले असतात. टोयोटाच्या अमेरिकेतील पुस्तिकांतही ०डब्ल्यू-२० सांगून झाल्यावर पुढे नोंद येते की फार वेगात किंवा फार ओझे घेऊन गाडी चालवायची असेल तर जास्त जाडीचे ऑइल अधिक योग्य ठरू शकते. याचा अर्थ असा की छापलेला ग्रेड हा एक समतोल आहे. रोजच्या वापरात तो बेअरिंग, कॅम, टेन्शनर आणि पेट्रोल या साऱ्यांना पुरतो. ओझे आणि उष्णता वाढली की त्या समतोलात थोडे सरकायला जागा असते. थोडे, म्हणजे एक पायरी.

उस्तादांचे म्हणणे कुठून आले

उस्ताद चुकीचे शिकलेले नाहीत. ते ज्या गाड्यांवर शिकले, त्या ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीप यांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालत असे. त्या इंजिनांत भागांमधली फट मोठी होती, लाखभर किलोमीटरनंतर ती आणखी वाढत असे, आणि जाड ऑइलने आवाज व धूर खरोखर कमी होत असे. ऑइलच्या दाबावर चालणारे कॅम तिथे नव्हतेच. त्यातून आपल्याकडे ट्रक, टेम्पो आणि मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांसाठी १५डब्ल्यू-४० कुठल्याही दुकानात मिळते, स्वस्तही पडते. म्हणून हात तिकडेच जातो.

पण आताच्या गाडीने लाख किलोमीटर केले म्हणजे तिची बेअरिंग सैल झाली असे नाही. ऑइल वेळेवर बदलले असेल तर त्या इंजिनातल्या फटी जवळपास कारखान्यातून निघाल्या तशाच असतात. इंजिन झिजलेच नसेल तर झिजेचा इलाज कशासाठी?

आणखी एक गैरसमज दाबाचा. जाड ऑइल घातले की दाब वाढतो हे खरे, आणि दाब वाढला म्हणजे संरक्षण वाढले असे वाटते. पण ऑइलला वाट काढायला जास्त अडथळा होतो म्हणून दाब वाढतो. थंड इंजिनात दाब फार चढला की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग वर न जाता तिथूनच परत फिरतो. म्हणजे नेमक्या पहिल्या मिनिटात, जेव्हा वरच्या भागांना ऑइल हवे असते, तेव्हाच ते कमी मिळते.

पुतण्याचे का ऐकू नये

पातळ बाजूला सरकण्यात धोका जास्त आहे. ०डब्ल्यू-१६ च्या ऑइलला १५० अंशांच्या चाचणीत २.३ पुरतात. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ते छापले आहे तिची बेअरिंग आणि पंप त्या हिशेबाने केलेले असतात. २.६ धरून बनवलेल्या इंजिनात ते घातले तर रोजच्या सपाट रस्त्यावर काही कळणार नाही. पण मे महिन्यात, पाच माणसे घेऊन, एसी चालू ठेवून कुंभार्ली चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पंधरा-वीस मिनिटे तापते, तेव्हा बेअरिंगमधला थर सगळ्यात बारीक झालेला असतो. तिथे घट झाली की नुकसान होते, आणि ते दिसत नाही. ऑइलचा लाल दिवा इथे मदतीला येत नाही. दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो, तोवर उशीर झालेला असतो.

जुन्या गाडीत हा प्रयोग तर मुळीच करू नये. २००८ ची गाडी असेल आणि पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० असेल, तर ०डब्ल्यू-२० घालणे म्हणजे ३.७ वरून एकदम २.६ वर उतरणे. यात वाचणारे पेट्रोल किती? महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला अठराचा ॲव्हरेज धरला तर पंचावन्न लिटर पेट्रोल लागते. तीन-चार टक्के वाचले तरी ते दोन लिटर झाले. त्या बदल्यात क्रँकची बेअरिंग गेली तर इंजिन उतरवून उघडण्याचा खर्च पाच आकडी असतो.

आधी मोजावे, मग बदलावे

आम्ही खेडच्या वाचकांना सुचवले की आत्ताच ग्रेड बदलू नका. पुस्तिकेतलेच ०डब्ल्यू-२० नव्या फिल्टरसह घाला आणि हजार किलोमीटर मोजा. पद्धत सोपी आहे, घरातल्या कोणालाही जमेल.

सकाळी गाडी सपाट जागी, रात्रभर बंद असलेली असावी. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून पहा. ऑइल वरच्या खुणेला बरोबर टेकेपर्यंत थोडे थोडे भरा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका, कारण जास्त झालेले ऑइल क्रँकच्या फेऱ्यात येऊन फेसाळते. मीटरचा आकडा वहीत लिहा. हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच थंड इंजिनात पुन्हा पहा आणि मापाच्या भांड्यातून ऑइल घालत वरची खूण गाठा. जेवढे मिलिलिटर लागले, तेवढे इंजिनाने हजार किलोमीटरला खाल्ले.

त्यांच्या गाडीला ४०० मिलिलिटर लागले. घाबरण्यासारखे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराच्या आसपास ऑइल असते. या वेगाने अडीच हजार किलोमीटरमध्ये ते खालच्या खुणेवर येईल, आणि दहा हजारांवर ऑइल बदलण्याची वाट पाहत बसले तर त्याच्या कितीतरी आधी इंजिन कोरडे पडेल.

आता ते ऑइल जाते कुठे हे शोधायचे. त्याला दोनच वाटा असतात, बाहेर गळणे किंवा आत जळणे. जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि तो केव्हा येतो यावर दुखणे ओळखता येते. घाट उतरताना बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. पायथ्याशी येऊन पुन्हा पाय दाबला की मागे निळ्या धुराचा एक ढग येऊन विरत असेल, तर व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली आहेत. सकाळच्या पहिल्या स्टार्टला क्षणभर निळा धूर दिसणे हेही त्याचेच लक्षण. चढावर जोर लावताना धूर सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा चिकटल्या किंवा झिजल्या आहेत. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ यात धरू नये, ती पाण्याची असते आणि इंजिन तापल्यावर जाते.

त्यांच्या गाडीत धूर नव्हता. उस्तादांनी वरून पाहिले तर टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल झिरपून धूळ चिकटलेली होती. गॅस्केट बदलायचे ठरले, पण आम्ही आणखी एक भाग तपासायला सांगितला होता. इंजिनाच्या पोटात जमणारी वाफ आणि वायू परत इनटेककडे नेणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, गॅरेजमध्ये त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. तो काढून कानाजवळ हलवला की आतला दांडा खुळखुळ वाजला पाहिजे. यांचा वाजलाच नाही. काजळी आणि चिकट ऑइल साचून तो बंद झाला होता. त्यामुळे इंजिनाच्या पोटात दाब वाढत होता आणि तोच दाब ऑइलला गॅस्केटमधून बाहेर ढकलत होता.

इथे क्षणभर थांबून विचार करा. पहिल्याच दिवशी १५डब्ल्यू-४० घातले असते तर काय झाले असते? झिरपणे थोडे कमी झाले असते, आवाज थोडा दबला असता, आणि सर्वांना वाटले असते की इलाज लागू पडला. आतला दाब मात्र तसाच राहिला असता. टॅपेट कव्हरनंतर तो दाब क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर आला असता. ते सील स्वतः स्वस्त असते, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जाड ऑइलचा सगळ्यात मोठा तोटा हाच की ते दुखणे झाकते.

उस्तादांनी व्हॉल्व्ह आणि गॅस्केट दोन्ही बदलले, मजुरीसह हजार-दीड हजारांत काम झाले. पुन्हा हजार किलोमीटर मोजले, तेव्हा १५० मिलिलिटर लागले. एवढ्या किलोमीटरच्या इंजिनाला हे चालण्यासारखे आहे.

मग शेवटी काय घातले?

इतके झाल्यावर ग्रेडचा प्रश्न उरला, आणि तो आता खऱ्या कारणावर ठरवता आला. गाडी दर महिन्याला भरून घाट चढते. हवामान उष्ण आहे. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० च्या पुढे ५डब्ल्यू-३० हा पर्यायही छापलेला आहे. तेव्हा पुढच्या वेळी ५डब्ल्यू-३० घालावे, असा आमचा मशवरा. १५० अंशांच्या मापात २.६ ऐवजी २.९ मिळतात, चढावर बेअरिंगला तेवढा आधार वाढतो. कॅमची यंत्रणा या जाडीला सरावलेली आहे, कारण कंपनीने स्वतःच ती मान्य केली आहे. पेट्रोलचा महिन्याला फार तर लिटरभर फरक पडेल. दहा किलोमीटर शाळा-बाजार एवढाच वापर असता तर आम्ही ०डब्ल्यू-२० वरच राहायला सांगितले असते, कारण तिथे ओझे नाही आणि थंड स्टार्ट जास्त आहेत.

उस्तादांनाही हे पटले. "पुस्तिकेत आहे तर टाकू," एवढेच ते म्हणाले. त्यांचे जाड ऑइलकडे जाणे चूक नव्हते. फक्त पायरी एकच हवी होती, आणि तिच्या आधी गळती शोधायला हवी होती.

१५डब्ल्यू-४० कधीच नको का? रिंगा झिजल्या आहेत, इंजिन हजार किलोमीटरला लिटरभर खाते, उघडायला सध्या पैसे नाहीत आणि गाडी आणखी वर्षभरच चालवायची आहे, अशा गाडीत ते घालून दिवस काढता येतात. पण तेव्हा मनात स्पष्ट असावे की ही मलमपट्टी आहे. चेक इंजिनचा दिवा लागला किंवा सकाळी चेन खडखडू लागली तर एक पायरी खाली यावे.

दोन सूचना राहिल्या. ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरच्या नियमांची डिझेल गाडी आहे, त्यांनी जाडीपेक्षा आधी दुसरी एक ओळ पहावी. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. साध्या ट्रकच्या १५डब्ल्यू-४० ऑइलमध्ये जळल्यावर राख सोडणारी द्रव्ये जास्त असतात, ती राख फिल्टरमध्ये बसते आणि निघत नाही. नवा फिल्टर फार महाग. म्हणून पुस्तिकेत सी२ किंवा सी३ असे कमी राखेच्या ऑइलचे चिन्ह असेल तर डब्यावर तेच चिन्ह शोधावे, वॉरंटी असो वा नसो.

दुसरी सूचना वॉरंटीचीच. ज्यांनी वाढीव वॉरंटी घेतली आहे, त्यांची वॉरंटी संपलेली नसते, हे अनेकांच्या लक्षातून जाते. ती चालू असेपर्यंत पुस्तिकेतलाच ग्रेड घालावा आणि बिलावर तो ग्रेड लिहून घ्यावा. उद्या इंजिनाचे काही निघाले तर कंपनी आधी तेच बिल मागेल.

आपल्या गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली असेल. ऑइलचे पान उघडून पहा, तिथे एकच ग्रेड आहे की दोन-तीन आहेत. एकच असेल तर तोच ठेवा. जास्त असतील तर तुमच्या ओझ्याला आणि रस्त्याला साजेसा त्यातलाच एक निवडा. हजार किलोमीटरचे माप घेऊन ठेवले असेल तर गॅरेजमध्ये उस्तादांपुढे वही ठेवा, बोलणे सोपे होते.